जुलाब थांबतात आणि पुन्हा सुरू होतात: सी. डिफचं परतणं आणि विष्ठा प्रत्यारोपणाची वेळ

निरोगी माणसाची विष्ठा आजारी माणसाच्या आतड्यात सोडायची, आणि त्यातून तो बरा होतो. अशी बातमी वाचली की पहिली प्रतिक्रिया किळसेची असते, दुसरी अविश्वासाची. पोटविकारांच्या ओपीडीत बसणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला मात्र तिसरीच प्रतिक्रिया जास्त ऐकू येते. तीन-तीन महिने जुलाबांनी पिळून निघालेल्या आईला घेऊन आलेला मुलगा विचारतो, "डॉक्टर, ते करून टाकू या का लगेच?"

लगेच नाही. पण कधी, आणि का, हे समजलं तर हा उपाय विचित्र वाटेनासा होतो. त्यासाठी आधी आजार परत का येतो ते पाहावं लागेल. सगळं गुपित तिथेच आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक रुग्ण समोर ठेवतो. त्यांना सुमनकाकू म्हणू. वय ७१. अनेक रुग्णांच्या हकिगती मिसळून मी त्यांना उभं केलंय, त्यामुळे त्यांचा पत्ता शोधू नका.

औषधाने एक आजार गेला, दुसरा आला

काकूंना लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप भरला. रुग्णालयात पाच दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं झाली, घरी जाताना आठवडाभराच्या सेफिक्झिमच्या गोळ्या मिळाल्या. ताप गेला. घरी आल्यावर नवव्या दिवशी जुलाब सुरू झाले: दिवसाला आठ वेळा, पाण्यासारखे, वेगळाच उग्र वास, खालच्या पोटात कळा. "बाहेरचं काही खाल्लं का?" असं विचारून जवळच्या डॉक्टरांनी आपल्याकडे सर्रास दिली जाते ती ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोलची जोडगोळी लिहिली. जुलाब वाढले.

हे जुलाब बाहेरच्या खाण्याचे नव्हते, अँटिबायोटिकनंतरचे होते. त्यामागचा जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. सगळे त्याला सी. डिफ म्हणतात, आपणही तेच म्हणू. १९३५ साली तान्ह्या बाळांच्या विष्ठेत तो पहिल्यांदा सापडला. प्रयोगशाळेत वाढवायला महाकठीण, म्हणून नावातच 'डिफिसिल' आलं. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या आतड्याच्या गंभीर दाहामागे हाच आहे, हे कळायला १९७८ साल उजाडलं.

जंतू स्वतः आतड्याच्या भिंतीत घुसत नाही. तो दोन विषं सोडतो, आणि ती विषं मोठ्या आतड्याचं अस्तर सोलून काढतात. जुलाब, कळा, ताप हे सगळं त्या विषांचं काम. हे लक्षात ठेवा, पुढे तपासणीच्या वेळी लागणार आहे.

मग हा जंतू प्रत्येकाला का त्रास देत नाही? रुग्णालयात तो अनेकांच्या पोटात जातो. पण निरोगी आतड्यात आधीच शेकडो जातींचे जीवाणू दाटीवाटीने राहत असतात, त्यामुळे त्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. अँटिबायोटिक लघवीतले जंतू मारतं तेव्हा आतड्यातल्या या वस्तीवरूनही नांगर फिरतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी सेफॅलोस्पोरिनं, क्लिंडामायसिन आणि ऑफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं यात आघाडीवर आहेत. म्हणजे जुलाबावर दिलेल्या त्या जोडगोळीने काकूंच्या आतड्यात उरलंसुरलंही साफ केलं. वय पासष्टच्या पुढे असलं की धोका वाढतो, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या पित्ताच्या गोळ्याही त्याला हातभार लावत असाव्यात असं बरेच अभ्यास सांगतात. काकू सकाळी उठल्या की आधी पँटोप्राझोल घ्यायच्या, चहा नंतर.

गाजर गवत आणि रिकामं रान

मोकळ्या रानात गाजर गवत माजलेलं सगळ्यांनीच पाहिलंय. तणनाशक फवारलं की आठवड्यात हिरवं जळून जातं. पण मातीत पडलेल्या बियांना फवाऱ्याचा काही फरक पडत नाही. रान मोकळंच राहिलं, तर पुढच्या पावसाला पुन्हा तेच.

सी. डिफचं अगदी तसंच आहे. परिस्थिती बिघडली की तो बीजाणू बनवतो, म्हणजे स्वतःभोवती जाड कवच घालून निपचित पडून राहतो. बीजाणू खात नाही, वाढत नाही, विषही सोडत नाही. वाढणाऱ्या जंतूला मारणारं औषध त्याच्यावर चालत नाही, कारण तिथे वाढतच काही नसतं. हातावर चोळायच्या सॅनिटायझरमधलं अल्कोहोलही त्याला मारत नाही. तो संडासाच्या कडीवर, पलंगाच्या कठड्यावर महिनोन्‌महिने टिकतो.

काकूंचं निदान झालं आणि व्हॅन्कोमायसिन सुरू झालं: १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस, तोंडाने. इथे नातेवाईक गोंधळतात, कारण पुष्कळदा कॅप्सूल न मिळता हातात इंजेक्शनची बाटली पडते. ती शिरेतून द्यायची नसते. शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन आतड्याच्या पोकळीत जवळजवळ पोचतच नाही. म्हणून ५०० मिलिग्रॅमची बाटली पाण्यात विरघळवून तिचे चार भाग करायचे, म्हणजे एक बाटली बरोबर एका दिवसाची. काकूंच्या मुलाने वीस मिलिलिटर पाण्यात औषध विरघळवून फ्रीजमध्ये ठेवलं होतं आणि दर वेळी सिरिंजने मोजून पाच मिलिलिटर काढायचा. चव कडूजहर. काकू ते कोकम सरबतात घालून एका घोटात संपवायच्या. चौथ्या दिवशी जुलाब निम्म्यावर आले, दहाव्या दिवशी घट्ट शौच झालं.

औषध बंद केल्यावर तेराव्या दिवशी सगळं पुन्हा सुरू.

"औषध लागू पडलं नाही," असं मुलगा म्हणाला. तसं नसतं. औषध उत्तम लागू पडलं होतं, आणि जंतूही औषधाला सरावलेला नव्हता. परत येणाऱ्या आजारात दरवेळी तेच औषध पुन्हा जुलाब थांबवतं, यावरूनच ते कळतं. अडचण अशी की व्हॅन्कोमायसिन हेसुद्धा अँटिबायोटिकच आहे. ते सी. डिफला मारतं, पण त्याला थोपवून धरणाऱ्या उरल्यासुरल्या वस्तीलाही वर येऊ देत नाही. औषध थांबतं तेव्हा आतड्यात दोनच गोष्टी उरतात: बीजाणू आणि रिकामं रान.

आकडे या चक्राची जातकुळी सांगतात. पहिल्यांदा आजार झालेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला तो परत होतो. एकदा परत आला, तर आणखी एकदा येण्याची शक्यता दहांत चारच्या आसपास जाते. दोनदा परत आला की निम्म्याहून अधिक जणांना तो पुन्हा गाठतो. दर फेरीला वस्ती आणखी उजाड होत जाते, म्हणून हे आकडे चढते आहेत.

वस्ती नेमकं करते काय

नुसती जागा अडवणं एवढंच नाही. यातला सर्वांत सुंदर भाग पित्ताचा आहे, त्यावर थोडा वेळ थांबू.

जेवण पचायला यकृत पित्त सोडतं. त्या पित्तात पित्ताम्लं असतात. यकृतातून निघालेली ताजी पित्ताम्लं, त्यातही टॉरोकोलेट नावाचं, सी. डिफच्या बीजाणूला उठवतात. झोपलेल्या बीला पावसाचं पाणी लागावं तसं. बीजाणू कवच फोडतो आणि जिवंत जंतू बाहेर पडतो.

निरोगी मोठ्या आतड्यात हे फारसं होत नाही. तिथल्या जीवाणूंपैकी मोजक्या जाती या ताज्या पित्ताम्लांचं रूप पालटून दुय्यम पित्ताम्लं तयार करतात. ती सी. डिफला विषासारखी. म्हणजे एकाच पदार्थाचं कच्चं रूप बीजाणूला जागं करतं आणि पक्कं रूप जाग्या झालेल्या जंतूची वाढ रोखतं. कच्च्याचं पक्कं करणारे कारागीर म्हणजे हे मूठभर जीवाणू. अँटिबायोटिकमध्ये ते मेले की आतड्यात कच्च्या पित्ताम्लांचा साठा होतो, दुय्यम जवळजवळ नाहीशी होतात. बीजाणूला उठवणारं भरपूर, अडवणारं कोणी नाही.

लोक मला नेहमी विचारतात, "मग दही-ताक वाढवलं तर?" ताक चांगलंच आहे, काकूंना मी ते बंद करायला सांगितलं नाही. पण दह्यातले जीवाणू आतड्यात कायमची वस्ती करत नाहीत आणि हे पित्ताचं कामही त्यांना येत नाही. दुकानातल्या प्रोबायोटिक कॅप्सूलचंही तेच. परत येणारा सी. डिफ बरा करायला त्या वापरा, असं कुठलीही मोठी वैद्यकीय संस्था सांगत नाही. हवी असते ती शेकडो जातींची अख्खी वस्ती, आणि ती बाटलीत घुसळून तयार करता येत नाही. एका ठिकाणी ती तयार सापडते: निरोगी माणसाच्या विष्ठेत.

परत आला म्हणजे खरंच परत आला का?

प्रत्यारोपणाच्या आधी हा प्रश्न सुटला पाहिजे, आणि माझ्या मते इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

पहिल्यांदा आजार परत आल्यावर काकूंना व्हॅन्कोमायसिन वेगळ्या पद्धतीने दिलं. दोन आठवडे पूर्ण मात्रा, मग आठवडाभर दिवसातून दोनदा, मग आठवडाभर एकदा, आणि नंतर तीन आठवडे दर तिसऱ्या दिवशी एकदा. ही कोळपणी आहे. बीजाणू सगळे एकदम उठत नाहीत, टप्प्याटप्प्याने उठतात. मधले दिवस मोकळे सोडले की काही बीजाणू उगवतात, पुढच्या मात्रेत मरतात, आणि त्या मोकळ्या दिवसांत आतड्यातली वस्तीही जरा डोकं वर काढते. जिथे मिळतं आणि परवडतं तिथे फिडॅक्सोमायसिन नावाचं औषध वापरतात. ते वस्तीची नासधूस कमी करतं आणि त्यानंतर आजार परतण्याचं प्रमाण व्हॅन्कोमायसिनपेक्षा कमी असतं.

ही लांबलचक मात्रा संपून आठवडा झाला आणि मुलाचा फोन आला. "परत सुरू झालं हो, डॉक्टर. दिवसातून तीनदा जातेय आई. बाहेरून तपासणी केली, पीसीआर पॉझिटिव्ह आलीय."

मी काकूंना बोलावून घेतलं आणि साधे प्रश्न विचारले. रात्री झोपेतून उठावं लागतं का? नाही. कधी जावं लागतं? जेवल्यावर लगेच. पाण्यासारखं होतं की सैल? सैल, लगदा. ताप? नाही. वजन? उलट एक किलो वाढलं होतं.

पीसीआर तपासणी जंतूचं विष शोधत नाही. ते विष बनवण्याचा नुसखा, म्हणजे जंतूचं जनुक, नमुन्यात आहे का एवढंच पाहते. बरा झालेला माणूस आठवडेच्या आठवडे बीजाणू बाहेर टाकत असतो आणि तेवढा काळ पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते. घरात तिखटाची बरणी आहे म्हणून आजच्या भाजीत तिखट पडलंय असं होत नाही. विष प्रत्यक्ष तयार होतंय का, ते पाहणारी तपासणी वेगळी असते. काकूंची ती निगेटिव्ह आली. त्यांचं आतडं आजारानंतर हळवं झालं होतं. असं पुष्कळांचं होतं, काही अभ्यासांत चारातल्या एकापर्यंत. याला अँटिबायोटिक लागत नाही. उलट तेव्हा दिलेलं व्हॅन्कोमायसिन नुकतीच रुजू लागलेली वस्ती पुन्हा जाळून टाकतं. मी काही दिलं नाही. दहा दिवसांत त्या सावरल्या.

म्हणूनच घट्ट शौचाचा नमुना सी. डिफसाठी तपासायचा नसतो, आणि 'बरं झालं का ते बघू' म्हणूनही तपासणी करायची नसते. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच, आणि त्याला दुसरं काही कारण नाही, तेव्हाच तपासणीला अर्थ आहे. मधे कोणी जुलाबाचं, म्हणजे पोट साफ करायचं औषध दिलंय का, हेही विचारावं. रुग्णालयात हे विचारायचं राहून जातं.

पण तीन आठवड्यांनी खरं परतणं आलं. रात्रीत चार वेळा उठणं, दिवसाकाठी नऊ-दहा जुलाब, पूर्वीचाच वास. तो वास काकूंनी स्वतःच आधी ओळखला. विषाची तपासणी पॉझिटिव्ह. आजार दुसऱ्यांदा परतला होता.

आता प्रत्यारोपणाचं नाव काढायचं

मूळ आजार आणि त्यानंतर दोनदा परतणं, म्हणजे एकूण तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला योग्य औषध योग्य दिवस देऊन झालेलं. बहुतेक मार्गदर्शक सूचनांमध्ये विष्ठा प्रत्यारोपणाचा विचार साधारण इथे सुरू होतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली याच धर्तीवर शिफारस केली: आधी किमान दोन फेऱ्या निश्चित झालेल्या असाव्यात आणि आजार पुन्हा आलेला असावा. वय फार असेल किंवा आधीची फेरी जिवावर बेतलेली असेल, तर अमेरिकेतले तज्ज्ञ त्याआधीही विचार करतात.

आधीच का करत नाहीत? कारण पहिल्या फेरीनंतर पाचांतल्या चौघांना तो परतच येत नाही. त्यांची वस्ती आपोआप भरून येते. त्यांना दुसऱ्याची विष्ठा देणं म्हणजे नसता धोका पत्करणं.

एक वेगळी वाट आहे, ती सांगायलाच हवी. काही रुग्णांत आजार इतका भडकतो की पोट फुगतं, रक्तदाब पडतो, पांढऱ्या पेशी भराभर वाढतात. अशा रुग्णाचे जुलाब अचानक थांबले आणि पोट मात्र ताणून फुगलं, तर ती सुधारणा नव्हे. आतड्याची हालचाल बंद पडलीय, ताबडतोब रुग्णालय गाठा. तिथे शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, आणि काही केंद्रांत औषधांना दाद न देणाऱ्या अशा रुग्णांनाही प्रत्यारोपण देतात. पण तो अतिदक्षता विभागातला निर्णय आहे, आपल्या गोष्टीपेक्षा वेगळा.

पुरावा किती पक्का?

अमेरिकेत डेन्व्हरच्या बेन आयझमन या शल्यविशारदाने सहकाऱ्यांसह १९५८ सालीच चार अत्यवस्थ रुग्णांना विष्ठेचा एनिमा दिल्याची नोंद केली होती. पुढे दशकानुदशकं हा उपाय किश्श्यांवरच चालला. कोड्याचा निकाल लागला तो नेदरलँड्समध्ये, जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत. परत परत आजार होणाऱ्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. प्रत्यारोपणाच्या गटात १६ जण होते, त्यांतले १३ एकाच वेळेत बरे झाले, उरलेल्या तिघांपैकी दोघे दुसऱ्या वेळेला. नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर १३ पैकी ४ बरे झाले. व्हॅन्कोमायसिन देऊन आतडं धुऊन काढलं त्या गटात १३ पैकी ३. फरक इतका ठळक होता की चाचणी ठरल्याआधीच थांबवली. माणसं थोडी होती हे खरं. पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही दिशा तीच राहिली.

त्या तिसऱ्या गटाकडे नीट पाहा. नुसतं धुऊन काढून भागत नाही. रान स्वच्छ करणं पुरेसं असतं, तर ते तेरा जणही बरे झाले असते. काहीतरी पेरावं लागतं. गाजर गवतावर आपल्याकडचे शेतीचे जाणकार तरोटा पेरायला सांगतात. तो दाट उगवला की गाजर गवताला जागाच उरत नाही. हे तेच आहे.

प्रत्यक्षात काय करतात

आधी काकूंना पुन्हा व्हॅन्कोमायसिन देऊन जुलाब आटोक्यात आणले. प्रत्यारोपण हे औषधाच्या ऐवजी नसतं, औषधाच्या नंतर असतं. भडकलेल्या तणात पेरणी करत नाहीत. प्रत्यारोपणाच्या एक-दोन दिवस आधी औषध थांबवलं, नाहीतर नव्या वस्तीलाही त्याने मारलं असतं. आदल्या संध्याकाळी कोलोनोस्कोपीला देतात तसं पोट साफ करायचं औषध दिलं.

दाता कोण, हा प्रश्न सगळ्यांत नाजूक. मुलगा पहिल्याच भेटीत म्हणाला होता, "माझी घ्या ना, घरचीच बरी." घरची म्हणून ती सुरक्षित होत नाही. दात्याची कसून चौकशी होते: गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का, रुग्णालयात होता का, पोटाचे जुने आजार, मधुमेह, स्थूलपणा. मग रक्तात एचआयव्ही, कावीळ करणारे विषाणू, सिफिलिस. विष्ठेत जंत, आमांशाचे परजीवी, सी. डिफ, आणि औषधांना न जुमानणारे जंतू. मोठ्या विष्ठापेढ्यांत दाता व्हायला आलेल्या शंभरातले दहासुद्धा शेवटपर्यंत टिकत नाहीत. काकूंच्या मुलाच्या विष्ठेत अशाच हट्टी जातीचा ई. कोलाय निघाला. त्याला स्वतःला काहीच त्रास नव्हता. त्यांच्यासाठी दुसऱ्या, पूर्ण तपासलेल्या दात्याची गोठवून ठेवलेली विष्ठा वापरली.

साधारण पन्नास ग्रॅम विष्ठा सलाइनमध्ये घुसळून, गाळून घेतात. थोडं ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर ठेवलं तर महिनोन्‌महिने चालते. ग्लिसरॉलमुळे गोठताना जीवाणू फुटत नाहीत. त्या दिवशी पिशवी कोमट पाण्यात वितळवली. पातळ वरणाइतकं दाट, तपकिरी पाणी. वास येतो, पण लोकांना वाटतो तितका नाही. काकूंना गुंगी देऊन कोलोनोस्कोप मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेला आणि मोठ्या सिरिंजने अडीचशे मिलिलिटर आत सोडलं. सगळं मिळून अर्धा तास. नंतर दोनेक तास त्यांना कुशीवर पडून राहायला सांगितलं, जेणेकरून ते आत टिकावं. संध्याकाळी पोटात गुडगुड झाली, दोनदा सैल झालं, थोडे वारे सरले. हे अपेक्षितच असतं.

ज्यांना कोलोनोस्कोपी झेपत नाही त्यांच्यासाठी कॅप्सूल आहेत. कॅनडात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅप्सूल आणि कोलोनोस्कोपी या दोन्हींचा गुण सारखाच निघाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये गुदमार्गे द्यायच्या तयार औषधाला आणि एप्रिल २०२३ मध्ये तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलला परवानगी दिली. ती कॅप्सूल दात्यांच्या विष्ठेतून शुद्ध केलेल्या चांगल्या जीवाणूंच्या बीजाणूंची असते. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाचं केंद्र ही विष्ठा परवान्याने तयार करून पुरवतं. त्या देशांत कुणाचे आई-वडील मुलांकडे राहायला गेले असताना आजारी पडले, तर तिथल्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. भारतात हे मोजक्या केंद्रांत होतं. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजने यात बरंच काम केलंय, पण ते मुख्यतः आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या वेगळ्या आजारावर.

"घरीच एनिमाने केलं तर?"

करू नका. इंटरनेटवर कृती सापडतात, मिक्सरचे फोटोही सापडतात. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक इशारा दिला होता. प्रतिकारशक्ती खालावलेल्या दोन रुग्णांना एकाच दात्याची विष्ठा दिली गेली. तिच्यात औषधांना न जुमानणारा ई. कोलाय होता, आणि त्याची तपासणी झालेली नव्हती. दोघांनाही तो रक्तात गेला, एक रुग्ण दगावला. ते मोठ्या केंद्रात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घडलं होतं. आपल्याकडे असे हट्टी जंतू धडधाकट माणसांच्या पोटातही बरेच आढळतात. काकूंच्या मुलाचंच उदाहरण आहे. मिक्सरमध्ये ते दिसत नाहीत.

याच कारणाने केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या, प्रतिकारशक्ती फार खाली गेलेल्या रुग्णांत डॉक्टर हात आखडता घेतात.

"मग वजन, मधुमेह, स्वमग्नता यांवरही हे चालतं ना?" असंही विचारतात. त्यावर अभ्यास चालू आहेत, उपचार म्हणून ते अजून सिद्ध झालेलं नाही. सी. डिफमध्ये हे चालतं, कारण तिथे बिघाड नेमका रिकाम्या वस्तीचाच असतो. पैसे घेऊन बाकी कशावरही कोणी करून देत असेल, तर सावध राहा.

त्यानंतरचे आठ आठवडे आणि पुढे

गुण आला की नाही हे आठ आठवड्यांनी ठरतं. तोवर जुलाब नसतील तर तपासणी करायची नाही, ते वर सांगितलंच. काही जणांत पहिलं प्रत्यारोपण रुजत नाही. मग दुसरं करतात, आणि त्यातले बरेच बरे होतात.

घरात तेवढा काळ बीजाणूंचा बंदोबस्त ठेवावा लागतो. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबण-पाण्याने हात धुवायचे. साबण बीजाणूला मारत नाही, पण चोळल्याने तो हातावरून सुटून पाण्याबरोबर जातो, सॅनिटायझरने मात्र जागीच राहतो. संडासाची बैठक, नळ, कडी पातळ केलेल्या ब्लीचने पुसायची. साधं फिनेल इथे भरवशाचं नाही. जमत असेल तर जुलाब चालू असेपर्यंत संडास वेगळा.

आणि सगळ्यांत मोठा धोका पुढच्या अँटिबायोटिकचा. काकूंची पँटोप्राझोल खरंच लागते का ते तपासून मी ती बंद केली, आणि त्यांच्या पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवायला दिली: 'सी. डिफ तीन वेळा झाला आहे. विष्ठा प्रत्यारोपण झालं आहे. अत्यावश्यक असेल तरच अँटिबायोटिक, आणि आधी फोन करावा.'

चौथ्या महिन्यात त्यांची दाढ दुखायला लागली, हिरडीला गळू आलं. दातांच्या डॉक्टरांनी क्लिंडामायसिन लिहायला घेतलं तेव्हा काकूंनी पर्समधून चिठ्ठी काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली, मला फोन केला. ताप नव्हता, सूज गालावर पसरलेली नव्हती. त्यांनी गळू फोडून पू काढला, दाढ साफ केली, आणि कागदावर दुखण्याची एक गोळी तेवढी लिहिली.